तिसरा फटका: बेसलाइन ते किचन, पंधरा फूट

[दृश्य: वरून दिसणारं पिकलबॉलचं कोर्ट. एका बाजूला निळ्या शर्टातली जोडी, दुसऱ्या बाजूला पिवळ्या.]

चौघं कुठे उभे आहेत ते आधी पाहा. सर्व्हिस निळ्यांची आहे आणि ते दोघंही मागे, बेसलाइनपाशी आहेत. पलीकडे पिवळ्यांमधला एक जण सर्व्हिस घ्यायला मागे थांबलाय, पण त्याचा जोडीदार आत्ताच पुढे जाऊन उभा आहे, नेटपासून सात फुटांवरच्या रेषेला. खेळ सुरू व्हायच्या आधीच पिवळे अर्धे पुढे पोचलेत. टेनिस बघणाऱ्याला हे उलटं वाटेल. तिथे सर्व्हिस म्हणजे हातात आलेली संधी. इथे सर्व्हिस करणारी जोडी मागे अडकलेली असते, आणि जुन्या पद्धतीच्या गुणमोजणीत गुण मात्र तिलाच मिळू शकतो.

ती अडकते ती नियमामुळे. सर्व्हिसचा एक टप्पा पडलाच पाहिजे आणि ती परत आल्यावर सर्व्हिस करणाऱ्यांच्या बाजूलाही एक टप्पा पडलाच पाहिजे. त्यानंतरच चेंडू हवेतल्या हवेत मारायची मुभा. म्हणजे निळे सर्व्हिस करून पुढे धावले, तर परत आलेला खोल चेंडू त्यांच्या मागे टप्पा घेणार आणि ते तोंडघशी पडणार. मागे थांबण्यावाचून इलाज नाही.

[दृश्य: सर्व्हिस. पिवळा खेळाडू चेंडू उंच आणि खोल परत करतो आणि त्याच दमात पुढे चालत येतो.]

सर्व्हिस हा पहिला फटका, परतीचा दुसरा. पिवळ्याने चेंडू मुद्दाम संथ आणि खोल मारलाय, कारण तो हवेत जितका रेंगाळेल तितका त्याला पुढे यायला वेळ. आता पिवळे दोघंही रेषेवर. निळे नेटपासून बावीस फुटांवर. चेंडू निळ्यांच्या कोर्टात टप्पा घेऊन वर येतोय.

इथून तिसरा फटका.

हा फटका कसा मारायचा ते नंतर. आधी पिवळ्यांना कशाची वाट आहे ते बघू. नेट कडेला ३६ इंच उंच असतं, मध्ये ३४. समजा निळ्यांचा चेंडू पिवळ्याला रेषेवर छातीच्या उंचीला, साडेचार फुटांवर मिळाला. तिथून नेटच्या मधल्या भागाच्या वरच्या कडेला घासून जाणारी सरळ रेघ खाली ओढली, तर ती नेटपलीकडे सुमारे बारा फुटांवर जमिनीला टेकते. कोर्ट त्या बाजूला बावीस फूट आहे. थोडक्यात, पिवळ्याने हवा तितका जोर लावला तरी चेंडू आतच राहणार, तोही निळ्यांच्या पायाशी.

आता तोच चेंडू त्याला त्याच जागी, पण जमिनीपासून फक्त एक फुटावर मिळाला असं धरा. नेट ओलांडायला चेंडू आधी वर चढवावा लागेल. वर चढवलेला चेंडू जोरात मारला तर तो थेट कोर्टाबाहेर. हवेचा विरोध आणि फिरकी सोडून हिशोब केला, तर ताशी चाळीसएक किलोमीटरच्या पुढे तो चेंडू आत ठेवताच येत नाही. खेळाडू तोच, जागा तीच. बदललं काय, तर फक्त चेंडूची उंची. तिसऱ्या फटक्याचा ड्रॉप करायचा, म्हणजे चेंडू हळूच नेटपलीकडे जवळच टाकायचा, तो एवढ्यासाठी: पिवळ्यांना चेंडू नेटच्या खाली घ्यायला लावायचा.

[दृश्य: जवळून, संथ गतीत. निळ्या खेळाडूचा हात आणि पॅडल.]

मारणाऱ्याचा हात बघा. पॅडल मागे फारसं गेलेलं नाही. पकड सैल. मनगट हलत नाही, हालचाल खांद्यापासून येते, आणि चेंडू पुढच्या पायाच्या थोडा पुढेच पॅडलला लागतो. लहान मुलाला झेल द्यायला आपण चेंडू खालून हळूच उडवतो, तसं काहीसं.

चेंडू बेसलाइनवरून, दोन फूट उंचीवरून निघतो. सर्वांत उंच, म्हणजे जमिनीपासून सहा फुटांवर, तो पोचतो तेव्हा अजून निळ्यांच्याच बाजूला असतो, नेटच्या सुमारे दहा फूट अलीकडे. ही गोष्ट नीट बघून ठेवण्यासारखी आहे. नेटवरून जाताना तो आधीच उतरणीला लागलेला असतो. पाच-सहा इंच वरून निसटतो आणि पलीकडे चार-पाच फुटांवर टप्पा घेतो.

तो पट्टा म्हणजे किचन. नेटपासून सात फुटांचा हा भाग, नियमाच्या भाषेत नॉन-व्हॉली झोन. त्यात पाय ठेवून चेंडू हवेत मारता येत नाही. रेषेलाही पाय लागून चालत नाही. पिवळ्याला दोनच वाटा उरतात: टप्पा पडू द्यायचा, किंवा रेषेमागे उभं राहून, वाकून, हात लांब करून चेंडू खालीच पकडायचा. दोन्हीकडे चेंडू नेटपेक्षा खालीच.

टप्प्यानंतर चेंडू उसळून वर आला तर? तिथे चेंडूचा स्वभाव निळ्यांच्या मदतीला येतो. हा भोकं असलेला प्लास्टिकचा चेंडू, आणि त्याची उसळी नियमाने बांधलेली आहे: ७८ इंचांवरून कठीण पृष्ठभागावर सोडला, तर तो ३० ते ३४ इंचच उसळला पाहिजे. चौतीस इंच, म्हणजे नेटच्या मधल्या उंचीइतकंच! ड्रॉपची कमान साडेसहा फुटांच्या आत राहिली, तर टप्प्यानंतर चेंडू नेटच्या वर डोकं काढणं अवघड. टेनिसच्या चेंडूने हा फटका असा चाललाच नसता, तो कमरेच्या वर उसळून बसला असता. कमान आठ-दहा फुटांची झाली की इथेही तेच होतं, चेंडू किचनमध्ये पडूनसुद्धा मार बसतो. नवखे खेळाडू ‘आत तर पडला होता’ म्हणून चकित होतात ते यामुळेच.

१९६५ साली अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर हा खेळ सुरू झाला तो बॅडमिंटनच्या कोर्टावर. कोर्टाचं माप, वीस फूट रुंद आणि चव्वेचाळीस फूट लांब, आजही बॅडमिंटनच्या दुहेरीचंच आहे. आपल्याकडे सुनील वालावलकरांनी मुंबईतून तो रुजवला, आणि इथे येणाऱ्यांमध्ये बॅडमिंटन किंवा टेबल टेनिस खेळून आलेले बरेच असतात. त्यांचं मनगट तयार असतं आणि ड्रॉपमध्ये तेच आडवं येतं. शटल हवेत लगेच मंदावतं, त्यामुळे मनगटाचा झटका तिथे खपून जातो. हा चेंडू तितका मंदावत नाही. झटका जरा कमी पडला की नेटमध्ये, जरा जास्त झाला की पिवळ्यांच्या छातीवर.

[दृश्य: फटका संपतो. कोपऱ्यात सेकंद मोजणारं घड्याळ. निळे पुढे निघतात.]

आता वेळेचा हिशोब. बेसलाइनवरून ताशी ऐंशी किलोमीटरने सपाट ड्राइव्ह मारला, तर चेंडू पिवळ्याच्या पॅडलपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. तेवढ्यात निळा जेमतेम एक-दोन पावलं टाकणार, आणि चेंडू परत येईल तेव्हा तो धावत असणार. ड्रॉपला टप्पा घ्यायलाच सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. पुढे उसळी, आणि मग पिवळ्याला वर चढवून द्यावा लागणारा संथ चेंडू. हे सगळं मिळून दोन सेकंदांच्या वर जातं. बेसलाइन ते किचनची रेषा पंधरा फूट. चालतच पार होतं म्हणा ना.

पण डोळे झाकून पुढे जायचं नाही. ड्रॉप मारला की धाव, असं पाठ करून घेतलेले खेळाडू मधल्या पट्ट्यात हमखास सापडतात. तिथे चेंडू पायाशी येतो, आणि तो धड टप्प्यावरही घेता येत नाही, धड हवेतही नाही.

बघायचं ते पिवळ्याच्या पॅडलकडे. पॅडल गुडघ्याकडे खाली जातंय, माणूस वाकतोय, म्हणजे ड्रॉप उतरला, या पुढे. पॅडल खांद्याच्या वर जातंय, म्हणजे चेंडू उंच राहिला. मग जिथे असाल तिथे थांबायचं, दोन्ही पाय जमिनीवर, गुडघे वाकवून, पॅडल खाली. आणि काहीही असो, पिवळा चेंडू मारायच्या क्षणी निळ्याने थांबलेलं असायला हवं. पळता पळता कुणाला नीट मारता येत नाही.

फटका मारणाऱ्याला हे कळायला थोडा उशीर होतो, कारण त्याची नजर चेंडू आणि पॅडल लागतं त्या जागेवर असते. जोडीदार मोकळा असतो. चांगल्या जोड्यांमध्ये तोच ‘चल’ किंवा ‘थांब’ असं ओरडतो.

[दृश्य: निळे मध्येच थांबलेले. पिवळ्याने टप्पा घेऊन चेंडू त्यांच्या पायाशी दिलाय.]

या रॅलीत ड्रॉप बरा होता, अगदी उत्तम नव्हता. पिवळ्याने तो खालूनच घेतला, पण खोल ढकलला. निळे निम्म्या वाटेवर थांबलेत, नेटपासून चौदा फुटांवर. काही बिघडलेलं नाही. पाचवा फटकाही ड्रॉपच, फक्त आता अंतर कमी आहे, म्हणून चुकण्याची शक्यताही कमी. हा चेंडू किचनमध्ये उतरतो आणि निळे उरलेले सात फूट पार करतात. तिसऱ्या फटक्यातच रेषेवर पोचायचा हट्ट धरणाऱ्यांपेक्षा दोन हप्त्यांत पोचणारे जास्त टिकतात, असं माझं मत.

चुकायचंच झालं तर कुठे चुकावं? नेटमध्ये गेलेला ड्रॉप तिथल्या तिथे रॅली संपवतो. जरा उंच राहिलेल्या ड्रॉपवर निदान पिवळ्याला फटका तरी मारावा लागतो, आणि तोही चुकू शकतो. म्हणून सराव करताना सहा इंचांऐवजी फूटभर वरून घालवायला सुरुवात करावी आणि मग हळूहळू खाली यावं. नेम मध्यावर किंवा तिरका, कारण नेट मध्ये दोन इंच खाली आहे आणि कर्णावर अंतर जास्त मिळतं. त्यातही, सर्व्हिस परत करून अजून पुढे येत असलेला पिवळा दिसला तर चेंडू त्याच्याच पायाशी. तो थांबलेला नसतो.

आणि प्रत्येक तिसरा फटका ड्रॉपच असावा असंही नाही. परतीचा चेंडू आखूड पडला आणि कमरेएवढा उसळला, तर तिथे ड्रॉप करणं म्हणजे हातातली संधी घालवणं. तो सरळ ड्राइव्ह करावा. हल्ली व्यावसायिक खेळाडू तिसरा फटका अनेकदा जोरातच मारतात. पण त्यांचा उद्देश बहुतेक वेळा तिथेच गुण घेणं हा नसतो. जोराच्या चेंडूला पिवळ्याने कसंबसं अडवावं, चेंडू आखूड परत यावा, आणि मग पाचव्या फटक्याला बेसलाइनऐवजी चार पावलं पुढून सोपा ड्रॉप मारता यावा, एवढाच त्यांचा डाव असतो.