बाणावरचे जिवाणू

नमस्कार श्रोतेहो. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी नायट्रोजन चक्र आणि कार्बन चक्र काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी आज कागद-पेन्सिल घेऊनच बसावं.

चौकोनात पदार्थ लिहायचा आणि बाणावर बदल घडवणारा. बरेच जण जिवाणूंनाच चौकोनात बसवतात आणि तिथंच आकृती अडते. नायट्रोजनचे चौकोन काढा: हवेतला नायट्रोजन, अमोनियम, नायट्राइट, नायट्रेट, वनस्पती, मेलेले अवशेष. हवेतून अमोनियमकडे जाणाऱ्या बाणावर रायझोबियम. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत तो राहतो. गाठ कापली आणि आत गुलाबी दिसली, की समजावं काम चालू आहे. अवशेषांपासून अमोनियमकडे कुजवणारे जिवाणू, अमोनियमपासून नायट्राइटकडे नायट्रोसोमोनास, पुढे नायट्रेटकडे नायट्रोबॅक्टर. नायट्रेटवरून हवेकडे परतणारा बाण स्यूडोमोनास यांसारख्या जिवाणूंचा. तिथं 'प्राणवायू नसताना' एवढं जरूर लिहा, कारण पाणी साचलेल्या जमिनीत नायट्रेट असंच उडून जातं.

कार्बनचं चक्र सोपं आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड प्रकाशसंश्लेषणाने वनस्पतीत जातो, वनस्पतीचे अवशेष होतात, आणि जिवाणू-बुरशी ते खाऊन श्वसनातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा हवेत सोडतात. वनस्पतीपासून हवेकडे श्वसनाचा बाणही हवाच.

खरी गंमत दोन्ही आकृत्या एकाच कागदावर आल्यावर कळते. गव्हाचं काड घ्या. त्यात साधारण ८० भाग कार्बनामागे १ भाग नायट्रोजन असतो. समजा, ८० किलो कार्बन असलेलं काड शेतात गाडलं. जिवाणू त्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश, म्हणजे २७ किलो, अंगी लावतात. बाकीचा श्वसनातून हवेत जातो. पण जिवाणूच्या शरीरात ८ भाग कार्बनामागे १ भाग नायट्रोजन लागतो. २७ किलोला झाला सव्वातीन किलोच्या आसपास. काडातून मिळाला फक्त १. उरलेला सव्वादोन किलो ते जमिनीतल्या अमोनियम आणि नायट्रेटमधून उचलतात. म्हणून काड गाडून लगेच पेरलेलं पीक पिवळं पडतं. जिवाणूंशी खाण्याच्या शर्यतीत मुळं सहसा हरतात. (काड गाडताना शेतकरी थोडा युरिया टाकतात, तो याच उसनवारीसाठी.) तुरीचा हिरवा पाला गाडला तर असं होत नाही, कारण त्यात कार्बनाच्या मानाने नायट्रोजन पुष्कळ असतो.

आता हा बाण कुठं काढायचा? नायट्रेट आणि अमोनियमच्या चौकोनांतून 'जिवाणूंचं शरीर' या नव्या चौकोनाकडे. हो, इथं मात्र जिवाणू चौकोनात येतात, कारण आता ते स्वतःच नायट्रोजनचा साठा झालेत. अवशेषांतून याच चौकोनात कार्बनचा बाणही आणा. काड संपत आलं की जिवाणू मरतात, त्यांची शरीरं कुजतात आणि अडकलेला नायट्रोजन अमोनियमच्या रूपात सुटतो. हा परतीचा बाण तुटक रेषेने काढा आणि त्यावर 'काही आठवड्यांनी' असं लिहा.