मिठातली रिकामी जागा

[दृश्य: काळा कागद. त्यावर तीन पारदर्शक चौकोनी स्फटिक. हात दिसतो, चेहरा नाही.]

हे तीन खडे बघा. डावीकडचा सोडियम क्लोराइडचा, म्हणजे आपलं खायचं मीठ. मधला पोटॅशियम क्लोराइडचा आणि उजवीकडचा पोटॅशियम ब्रोमाइडचा. आत्ता तिन्ही काचेसारखे दिसतात. कोणता कुठला हे लक्षात राहावं म्हणून प्रयोगशाळेतल्या काकांनी कागदावर पेन्सिलीने खुणा केल्यात.

[दृश्य: तेच तीन खडे, तोच कागद. आता एक मधासारखा पिवळसर तपकिरी, एक जांभळा, एक निळा.]

आणि हे तेच खडे, दुसऱ्या दिवशी. रंग घातलेला नाही, काही मिसळलेलं नाही. मधल्या काळात ते कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांत ठेवले होते, एवढंच. तिघांना किरण सारखेच मिळाले, तरी रंग मात्र तीन निघाले.

[दृश्य: भट्टी. मुशीतला लालसर उजेड. वरून उतरणारी दांडी.]

पण त्याआधी हे खडे आले कुठून ते बघू. विभागाच्या तळमजल्यावरची ही भट्टी. मुशीत पोटॅशियम क्लोराइडची पूड आहे, आणि ती ७७० अंशांच्या आसपास वितळते. वितळलेलं मीठ पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. वरून गार ठेवलेली दांडी खाली येते आणि पृष्ठभागाला जेमतेम टेकते. जिथे टेकते तिथे मीठ गोठायला लागतं. मग तापमान हळूहळू उतरवायचं आणि दांडी त्याहून हळू वर घ्यायची. दांडीखाली उलट्या वाटीसारखा स्फटिक धरत जातो.

ही रीत स्पायरो किरोपुलोस यांनी १९२६ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये बसवली. तिथे रॉबर्ट पोल यांच्या प्रयोगशाळेत मिठाच्या स्फटिकांच्या रंगांवर काम चाललं होतं, आणि त्यासाठी मोठे, शुद्ध, एकसंध स्फटिक हवे होते. खाणीतून मिळणाऱ्या सैंधवात इतर क्षार मिसळलेले असतात. रंग मिठाचा की त्या भेसळीचा, हे मग सांगता येत नाही.

[दृश्य: जवळून. काकांचे हात. पाती स्फटिकावर ठेवतात, छोट्या हातोडीने टकटक.]

विद्यार्थी विचारतो, "काका, भट्टीतून काढायला अजून किती वेळ?" काका म्हणतात, "आज नाही. रात्रभर गार होऊ दे. घाई केलीस तर तडकेल." घाई केलेला एक तुकडा त्यांनी खिडकीत ठेवलाय, दाखवायला.

स्फटिक नीट गार झाला की त्याला कापायचं नसतं, फोडायचं असतं. पाती बरोबर दिशेला ठेवली की एका ठोक्यात आरशासारखा सपाट पृष्ठभाग सुटतो. ब्रोमाइडचा खडा हाताळताना काका तोंडावर रुमाल बांधतात, कारण श्वासाच्या ओलाव्यानेही तो धुरकटतो. असं फोडणं आता विभागात दोघांनाच येतं.

[दृश्य: पिंगपाँगचे चेंडू आणि छोट्या लाकडी मण्यांचं जाळीचं मॉडेल. एक चेंडू काढला जातो.]

आता आत काय घडतं ते. मोठे चेंडू क्लोराइडचे आयन आहेत, ऋणभार असलेले. छोटे मणी सोडियमचे, धनभाराचे. एक आड एक, तिन्ही दिशांनी. यातला एक क्लोराइड काढला की जागा रिकामी होते. पण ती नुसती रिकामी नसते. भोवतीचे सहा सोडियम आयन धनभाराचे, आणि त्यांना तोलणारा ऋणभार निघून गेलेला. त्यामुळे ही पोकळी जवळून जाणारा इलेक्ट्रॉन पकडते. पकडलेला इलेक्ट्रॉन त्या सहा भिंतींच्या पेटीत राहतो. यालाच एफ-केंद्र म्हणतात. एफ हे अक्षर रंगासाठीच्या जर्मन शब्दातलं.

हे चित्र डच शास्त्रज्ञ द बोअर यांनी १९३७ साली मांडलं. ते खरं आहे याची पक्की साक्ष जॉर्ज फेहेर यांनी १९५७ च्या सुमाराला दिली. इलेक्ट्रॉनभोवतीच्या एकेका अणुकेंद्राचा त्याच्यावर होणारा चुंबकीय परिणाम त्यांनी वेगवेगळा मोजून दाखवला.

[दृश्य: तीन रंगीत खडे पुन्हा. मागे पांढरा पडदा, त्यावर तीन वर्णपटांच्या रेषा.]

पेटीत अडकलेल्या इलेक्ट्रॉनला वरच्या पायरीवर जायला ठराविक ऊर्जा लागते, आणि पेटी जितकी लहान तितकी ऊर्जा जास्त. मिठात शेजारच्या दोन आयनांमधलं अंतर २.८२ अँगस्ट्रॉम आहे. तिथला इलेक्ट्रॉन ४६५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड गिळतो. पांढऱ्यातून निळा गेला की उरतो पिवळसर मधाचा रंग.

पोटॅशियम क्लोराइडमध्ये हेच अंतर ३.१५ आहे. तरंगलांबी अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढते असं धरून हिशेब केला, तर ४६५ चे ५८० व्हायला हवेत. आमच्या मापात शिखर, म्हणजे सगळ्यांत जास्त उजेड जिथे गिळला जातो ती जागा, ५६० ला आलं. हिरवा आणि थोडा पिवळा भाग गेला, तांबडा आणि निळा उरला, म्हणून जांभळा. ब्रोमाइडमध्ये अंतर ३.३०, हिशेबाने ६३७, आणि मापात ६३० च्या जवळपास. नारिंगी-तांबडा गेल्यावर खडा निळा दिसतो. हा वर्गाचा नियम मोल्वो यांनी १९३१ साली मांडला होता, म्हणजे पेटीचं चित्र तयार होण्याच्याही आधी. थोडा फरक राहतो, कारण पेटीच्या भिंती कडक नसतात. इलेक्ट्रॉन त्यांच्यात जरा शिरतो.

[दृश्य: जुना वर्णपटमापक. काका चकती फिरवतात, वहीत आकडे लिहितात.]

अशा किती पोकळ्या झाल्या असतील? हा वर्णपटमापक हाताने फिरवायचा आहे. पाच-पाच नॅनोमीटर पुढे जायचं, काटा वाचायचा, वहीत लिहायचं. अख्खा पट्टा काढायला पाऊण तास जातो, आणि त्या पाऊण तासात शिखर कसं चढतं ते विद्यार्थ्याच्या हातातून जातं.

पोटॅशियम क्लोराइडच्या ५ मिलिमीटर जाड खड्यातून शिखराजवळ पाचातला एकच भाग उजेड पलीकडे गेला. शिखराची उंची आणि पट्ट्याची रुंदी यांवरून केंद्रं मोजण्याचं सूत्र स्माकुला यांनी ग्योटिंगेनमध्येच दिलं होतं. त्यात हे आकडे घातले की दर घन सेंटिमीटरला साधारण १०¹⁶ केंद्रं येतात. ऐकायला प्रचंड वाटतं. पण तेवढ्याच जागेत क्लोराइडचे आयन दहा लाखांहून जास्त पट आहेत. म्हणजे पंधरा-सोळा लाखांतला एक क्लोराइड जागेवर नाही, आणि तेवढ्यावर खडा जांभळा दिसतोय.

[दृश्य: गॅमा चेंबर. नमुन्याची कुपी शिशाच्या कवचात खाली उतरते. नंतर पुन्हा चेंडूंचं मॉडेल.]

हा एक क्लोराइड जागचा हलवला कुणी? सगळ्यांना वाटतं, गॅमा किरणाने. कॅरमच्या स्ट्रायकरने सोंगटी उडवावी तसा. तसं होत नाही. गॅमा किरण मुख्यतः इलेक्ट्रॉन उडवतो. इलेक्ट्रॉन गमावलेला क्लोरीन शेजारच्या क्लोराइडला ओढून घेतो आणि दोघांची जोडी बनते. थोड्याच वेळात भटका इलेक्ट्रॉन या जोडीकडे परत येतो. त्या भेटीत जी ऊर्जा सुटते, तीच एका क्लोरीनला ढकलते. तोही वाटेल तिकडे जात नाही. चौकटीच्या कर्णावर क्लोराइडची सरळ रांग असते, धक्का त्या रांगेतून पुढे सरकतो. काही घरं पलीकडे एक क्लोरीन जादा होतो, आणि मूळ घरात रिकामी जागा आणि इलेक्ट्रॉन मागे राहतात. १९६६ मध्ये पूली आणि हर्श यांनी स्वतंत्रपणे ही वाट दाखवली. आणि हो, असा खडा किरणोत्सारी होत नाही. कोबाल्टच्या किरणांत तेवढा जोर नसतो.

[दृश्य: दिव्याखाली जांभळा खडा. फिका पडताना. वेग वाढवलेलं चित्रण.]

हे दृश्य आम्हाला घ्यायचं नव्हतं. पहिल्या दिवशी चित्रीकरणाच्या प्रखर दिव्यांखाली खडा ठेवला आणि चहाला गेलो. परत येईतो रंग उडायला लागला होता. काका हसले नाहीत, फक्त म्हणाले, "काळ्या कागदात गुंडाळून का देतो, ते कळलं आता."

झालं असं, की तोच उजेड गिळून इलेक्ट्रॉन पेटीबाहेर पडला, भटकत त्या जादा क्लोरीनपर्यंत पोचला आणि हिशेब मिटला. पुढच्या वेळी खोलीत तांबडा दिवा लावला. क्लोराइडला तो चालला. ब्रोमाइडचा निळा खडा मात्र तांबड्या दिव्याखालीही उतरू लागला, कारण तो तांबडाच खातो. त्याचं चित्रण शेवटी एकदाच, झटपट उरकलं.

[दृश्य: अंधार. गरम तव्यावर मधाच्या रंगाचा खडा. क्षणभर निळसर उजेड.]

उष्णतेनेही हेच होतं, आणि परत जाताना इलेक्ट्रॉन थोडा उजेड देतात. अशाच अडकलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर किरणोत्सर्ग मोजायचे बिल्ले चालतात, काही लेसरही.

[दृश्य: लहान भट्टी, पुढे काचेची खिडकी. आत स्वच्छ खडा, वरून टोकदार सुई टेकलेली, खाली धातूची पट्टी.]

रंग आणण्याची दुसरीही वाट आहे, तिला किरण लागत नाहीत. पोटॅशियम क्लोराइडचा हा खडा सहाशेच्या आसपास तापलाय. एवढ्या उष्णतेत काही जागा आपोआपच रिकाम्या असतात. सुई ऋणाग्राला जोडली आहे, पट्टी धनाग्राला. काका काहीशे व्होल्ट देतात.

[दृश्य: विना निवेदन, पंधरा सेकंद. सुईच्या टोकाशी निळसर जांभळा ढग उगवतो आणि खाली पसरतो.]

सुईतून इलेक्ट्रॉन आत येतात, एका पोकळीत थांबतात, उष्णतेने सुटतात, पुढच्या पोकळीत शिरतात. पट्टीकडून क्लोरीन निघून जातो. ढगाची कड डोळ्यांना दिसते, म्हणून पोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा वेग मोजला. घड्याळ आणि फूटपट्टी धरून, घनपदार्थातून इलेक्ट्रॉन कसे सरकतात ते. या ढगात आणि मघाच्या गॅमावाल्या रंगात एक फरक आहे. इथे जादा क्लोरीन स्फटिकात उरलेलाच नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉनला परत जायला घर नाही. हा खडा गार करून दिव्याखाली ठेवला तर रंग बदलेल, केंद्रं एकमेकांना चिकटून गोळा होतील, पण खडा पुन्हा स्वच्छ होणार नाही. रंगीत खडा हातात आला की तो कुठल्या वाटेने रंगला, ते असं ओळखता येतं.

त्याला स्वच्छ करायची सोपी रीत काकांकडे आहे. तारा उलट जोडायच्या.

[दृश्य: ढग सुईकडे मागे सरकतो, आक्रसतो, टोकाशी ठिपका उरतो, तोही जातो. काका बटण बंद करतात.]