४०० ओळी आणि कामकाजाचा एक दिवस

(जळगाव येथे सॉफ्टवेअर व्यावसायिक आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप.)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

मी माझ्या टीमला मध्यंतरी एक संदेश पाठवला. त्यात दोन मागण्या होत्या. एका पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे पीआरमध्ये, बदललेल्या ओळी ४०० पेक्षा जास्त नसाव्यात, आणि प्रत्येक पुल रिक्वेस्टला कामकाजाच्या एका दिवसाच्या आत पहिले उत्तर मिळावे. संदेश वाचून दाखवायला दोन मिनिटे पुरतील, परंतु तो का लिहावा लागला हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी याच आठवड्यात कोणाची तरी पीआर न वाचता मंजूर केली असावी, असा माझा अंदाज आहे. आपण ज्या तऱ्हेने हसलात त्यावरून तो फारसा चुकलेला दिसत नाही.

रावेर-यावल पट्ट्यातील केळी व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या एका खरेदी-पावतीच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण घेतो. कंपनीचे नाव सांगत नाही. जळगावात सांगण्याची गरजही नाही, कारण चहा संपेपर्यंत तुम्ही ते शोधून काढालच. शेतात केळीचे घड काट्यावर टप्प्याटप्प्याने चढतात, प्रत्येक वजनाची नोंद होते, शेवटी बेरीज होते आणि क्विंटलच्या भावाने रक्कम निघते. बेरजेतील किलोच्या खालचा भाग सोडून द्यायचा, अशी त्या व्यापाऱ्यांची रीत सॉफ्टवेअरमध्ये होती. एका शेतकऱ्याने मात्र काट्यावरचा प्रत्येक आकडा दशांशासकट आपल्या वहीत लिहून ठेवला होता. २४ वजनांची त्याची बेरीज आणि छापील पावती यांत सुमारे १२ किलोंचा फरक पडत होता. भाव १५०० रुपये क्विंटल धरला तर हे १८० रुपये होतात. एका शेतकऱ्याच्या एका खेपेचे १८० रुपये. हंगामात किती खेपा भरतात हे या सभागृहात मी सांगायला नको.

कोणीही लबाडी केली नव्हती. कोडमध्ये झालेला बदल एवढाच होता:

```python
total = int(sum(weights))             # आधी
total = sum(int(w) for w in weights)  # नंतर
```

पहिल्या ओळीत सगळी वजने मिळवून एकदाच अपूर्णांक सोडला जातो, तर दुसऱ्या ओळीत प्रत्येक वजनाचा अपूर्णांक आधी सोडला जातो आणि मग बेरीज होते. १८६.७, १९२.४ आणि १७९.८ ही तीन वजने घ्या. पहिल्या रीतीने ५५८ किलो येतात, दुसऱ्या रीतीने ५५७. तीन वजनांत एक किलो गेला, आणि सरासरीने प्रत्येक वजनामागे अर्धा किलो जातो. चाचण्या होत्या, त्या उत्तीर्णही झाल्या होत्या, कारण चाचणीतली वजने १८०, २०० आणि १९० अशी पूर्णांकांत होती. दोन्ही रीतींनी ५७०च येतात.

आता प्रश्न असा, की ही ओळ दोन शहाण्या माणसांच्या डोळ्यांखालून गेली कशी? ती ज्या पीआरमध्ये होती, त्या पीआरमध्ये ६३ फायली आणि २१४० बदललेल्या ओळी होत्या. त्यांपैकी सुमारे १६०० ओळी फॉर्मॅटरने बदललेल्या होत्या. म्हणजे एकेरी अवतरणाचे दुहेरी अवतरण करणे, लांब ओळ तोडून तिच्या तीन ओळी करणे, असे बदल. ३०० ओळी `poetry.lock` या फायलीच्या होत्या, ज्या माणसाने वाचायच्याच नसतात. माणसाने विचार करून लिहिलेल्या ओळी उरल्या २४०. याचा अर्थ असा, की खरे काम मी मागितलेल्या मर्यादेत सहज बसणारे होते. ते केवळ कचऱ्यात बुडालेले होते. रिव्ह्यूअरने `git diff -w` वापरून मोकळ्या जागांचे बदल लपवायला हवे होते, असे कोणी म्हणेल. परंतु त्या पर्यायाने ओळीच्या आतल्या मोकळ्या जागांचेच बदल झाकले जातात. ओळ तोडली असेल किंवा अवतरणचिन्ह बदलले असेल, तर तो बदल तसाच दिसत राहतो.

ही पीआर सोमवारी उघडली गेली आणि पुढच्या मंगळवारी मंजूर झाली. मधल्या सगळ्या दिवसांत तिच्याकडे कोणी पाहिले नाही, आणि ज्या दिवशी पाहिले त्या दिवशी अकरा मिनिटांत `LGTM`, म्हणजे 'मला ठीक वाटते', ही चार अक्षरे उमटली. २१४० ओळी अकरा मिनिटांत, म्हणजे सेकंदाला तीन ओळींहून अधिक! इतक्या वेगाने आमच्याकडे परीक्षेचे पेपरही तपासले जात नाहीत. (समोर प्राध्यापक मंडळी बसलेली आहेत, हे आत्ता लक्षात आले. क्षमस्व.)

रिव्ह्यूअरला दोष देणे सोपे आहे, पण मी देणार नाही. तो पुण्यात बसत असे आणि त्याच्यापुढे आणखी चार पीआर होत्या. मला अधिक महत्त्वाचे वाटले ते जळगावच्या लेखकाचे उत्तर. "फॉर्मॅटर, लॉक फाइल, वजनाचा हिशेब आणि सॉफ्टवेअरचा नवा पडदा हे सगळे एकत्र का घातले?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, मागची वीस ओळींची पीआर आठ दिवस पडून होती. रांगेत उभे राहायचेच असेल, तर सगळे एकदमच घेऊन उभे राहिलेले बरे." या उत्तरात तर्काची चूक मला सापडली नाही. रिव्ह्यूला उशीर होतो म्हणून पीआर मोठी होते, आणि पीआर मोठी होते म्हणून रिव्ह्यूला उशीर होतो. माझा आजचा मुद्दा खरे तर एवढाच आहे, आणि संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे की दहा मिनिटे उरली. मागच्या बाजूने भरताची वांगी भाजल्याचा वासही येऊ लागला आहे, त्यामुळे श्रोत्यांची निष्ठा किती टिकेल याचा मला भरवसा नाही.

म्हणून संदेशाचा गाभा थोडक्यात सांगतो. या दोन मर्यादा एकत्रच लावल्या पाहिजेत. केवळ आकाराची मर्यादा घातली आणि उत्तराची मुदत घातली नाही, तर २००० ओळींच्या कामाचे पाच तुकडे होतात. पुढचा तुकडा मागच्यावर अवलंबून असेल आणि प्रत्येक तुकडा तीन दिवस पडून राहिला, तर पूर्वी जे काम आठ दिवसांत होत होते त्याला पंधरा दिवस लागतात. महिन्याभरात लोक ती मर्यादा मोडू लागतील, आणि ते योग्यच करतील. उलट केवळ मुदत घातली आणि आकार मोकळा सोडला, तर हजारो ओळी समोर असलेला रिव्ह्यूअर संध्याकाळपर्यंत `LGTM` लिहून मोकळा होईल. कागदावर मुदत पाळली जाईल आणि वजनाची ओळ पुन्हा तशीच निसटेल.

४०० हा आकडा मी आकाशातून आणलेला नाही. आयबीएममध्ये मायकेल फेगन यांनी १९७६ साली कोड तपासणीची शिस्तबद्ध पद्धत मांडली, तेव्हापासून एका बैठकीत किती कोड वाचावा हा प्रश्न चर्चेत आहे. सिस्कोमधील रिव्ह्यूंचा जो अभ्यास स्मार्टबेअर या कंपनीने प्रसिद्ध केला, त्यात एका वेळी २०० ते ४०० ओळी आणि जास्तीत जास्त ६० ते ९० मिनिटे, असा सल्ला आहे. ही कंपनी रिव्ह्यूचे साधन विकते, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. गूगलच्या जाहीर मार्गदर्शिकेत १०० ओळी सहसा योग्य आणि १००० ओळी सहसा फार जास्त मानल्या आहेत, आणि उत्तरासाठी कमाल मुदत कामकाजाचा एक दिवस अशी दिली आहे. मी टीमला झेपेल अशी वरची कड निवडली.

मुदत पहिल्या उत्तराची आहे, मंजुरीची नव्हे, हे संदेशात मी ठळक केले होते. "आज वेळ नाही, गुरुवारी सकाळी पाहतो, घाई असेल तर दुसऱ्या कोणाला सांगा" हेही उत्तरच आहे, कारण ते मिळाल्यावर लेखकाला पुढचे ठरवता येते. हातातले काम अर्ध्यावर टाकून रिव्ह्यूकडे धावावे, अशी अपेक्षा नाही. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी आणि जेवणानंतर रांग पाहिली तरी पुरे.

ओळी मोजताना लॉक फाइल आणि यंत्राने निर्माण केलेला कोड वगळावा. पीआर उघडण्यापूर्वी लेखकाने स्वतःच एवढे चालवून पाहावे:

```
git diff --shortstat main...HEAD -- . ':(exclude)poetry.lock'
```

तीन टिंबांमुळे शाखा जिथून फुटली तिथपासूनचेच बदल मोजले जातात. मधल्या काळात `main` मध्ये इतरांनी घातलेले बदल त्यात येत नाहीत. यातील `insertions` आणि `deletions` यांची बेरीज म्हणजे आपला आकडा.

तुकडे कसे पाडायचे, हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. त्या केळीच्या पीआरचेच पाडून दाखवतो. पहिल्या तुकड्यात फक्त फॉर्मॅटर चालवावा. तो ४०० च्या वर जाईल, परंतु त्याला सूट आहे, कारण तो वाचायचा नसून रिव्ह्यूअरने तोच फॉर्मॅटर आपल्या यंत्रावर चालवून निकाल जुळतो का ते पाहायचे. लॉक फाइल दुसऱ्या तुकड्यात जाईल. तिसऱ्यात जुन्याच कोडवर दशांशातील वजनांची चाचणी लिहावी, १८६.७, १९२.४, १७९.८ दिल्यावर ५५८ यायला हवेत. वजनाचा हिशेब नव्या फंक्शनमध्ये हलवणे चौथ्यात येईल. बदललेली ओळ तिथे शंभरेक ओळींच्या डिफमध्ये उघडी पडली असती, आणि ती माणसाच्या नजरेतून सुटली असती तरी तिसऱ्या तुकड्यातील चाचणीने तिला अडवले असते. नवा पडदा पाचव्यात, आणि तो पूर्ण होईपर्यंत फीचर फ्लॅगमागे बंद.

सूट दोनच बाबींना आहे. यंत्राने केलेला एकसाची बदल ही पहिली, आणि ग्राहकाचे काम थांबले असताना करायची तातडीची दुरुस्ती ही दुसरी. या दुरुस्तीचा रिव्ह्यू नंतर झाला तरी चालेल, पण झाला पाहिजे. बाकी कोणाला मर्यादा ओलांडायची असेल, तर त्याने पीआरच्या वर्णनात पहिल्याच ओळीत कारण लिहावे. परवानगी मागण्याची गरज नाही. मर्यादा ओलांडल्यावर मर्ज आपोआप अडवणारी तपासणी मी मुद्दाम लावलेली नाही, कारण तशी तपासणी लागली की लोक ४०० ओळींत बसवण्यासाठी चाचण्या गाळतात. तीन महिने पाहायचे ते दोनच आकडे: पहिल्या उत्तराला लागणारा मधला काळ, आणि ४०० च्या वरच्या पीआरवर एकही शेरा न येता मंजुरी मिळण्याचे प्रमाण. पहिला आकडा घटला आणि दुसरा तसाच राहिला, तर मर्यादा ३०० वर आणावी, असे संदेशाच्या शेवटच्या कलमात लिहिले आहे.