‘प्रत्येक खोलीत दोन खिडक्या आहेत’: ईच, एव्हरी, आयदर, नायदर आणि एकवचनी क्रियापद

(पुण्यात इंग्रजी शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सुरुवातीला एक साधं वाक्य घेऊ. ‘प्रत्येक खोलीत दोन खिडक्या आहेत.’ याचं इंग्रजी करायला सांगितलं की बरेच जण लिहितात, ‘एव्हरी रूम हॅव टू विंडोज.’ इथे हवं ‘हॅज’. असं लिहिणाऱ्याला विचारलं, की एव्हरीनंतर क्रियापद एकवचनी की अनेकवचनी, तर तो लगेच ‘एकवचनी’ म्हणतो. म्हणजे नियम पाठ आहे. तरी हात ‘हॅव’कडेच जातो, आणि तो का जातो याचं उत्तर आपल्याच वाक्यात आहे.

मराठी वाक्यातलं ‘आहेत’ कोणाशी जुळलंय? खिडक्यांशी. खोलीला ‘त’ प्रत्यय लागला, ती ‘खोलीत’ झाली आणि क्रियापदावरचा तिचा हक्क संपला. म्हणून खोली एक असली तरी आपण ‘आहेत’ म्हणतो, आणि मराठीत तेच बरोबर आहे. इंग्रजीत मात्र त्याच खोलीला कर्त्याच्या जागी बसवावं लागतं आणि खिडक्या कर्म होतात. आपण शब्दांची जागा बदलतो, पण डोक्यातलं ‘आहेत’ तसंच राहतं आणि त्याचं ‘हॅव’ होतं. ‘प्रत्येक सभासदाकडे दोन चाव्या आहेत’, ‘प्रत्येक मजल्यावर चार फ्लॅट आहेत’, ‘प्रत्येक अर्जाला तीन प्रती जोडल्या आहेत’ ही सगळी याच घरातली वाक्यं. कार्यालयात, सोसायटीत, शाळेत जी छोटी विधानं सारखी लिहावी लागतात, ती नेमकी अशीच असतात.

एरवी मराठीतला ‘प्रत्येक’ही एकवचनीच आहे. ‘प्रत्येक मुलगा आले’ असं कोणी म्हणत नाही. म्हणजे एकेकाला सुटं धरून बोलायची कल्पना आपल्याला परकी नाही. घोळ होतो तो ‘प्रत्येक’ला प्रत्यय लागलेलं नाम जोडून येतं तेव्हा. म्हणून माझं सांगणं असं, की अशा वाक्याचं इंग्रजी करताना आधी क्रियापदाकडे वळू नका. कर्त्याच्या जागी कोण बसणार ते ठरवा. खोली बसणार? मग ‘हॅज’. खिडक्यांनाच कर्ता करायचं असेल तर ‘देअर आर टू विंडोज इन एव्हरी रूम’ लिहा. तिथे ‘आर’ खिडक्यांचं आहे, एव्हरीचा त्याच्याशी संबंध नाही. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत.

‘एव्हरीबडी’ आणि ‘एव्हरीवन’ची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्यासाठी आपल्या तोंडी येणारा शब्द ‘सगळे’, आणि ‘सगळे’ अनेकवचनी. ‘सगळे आलेत का?’ याचं म्हणून ‘हॅव एव्हरीबडी कम?’ होतं. हवं ‘हॅज एव्हरीबडी कम?’ इथे मनात ‘सगळे’ऐवजी ‘प्रत्येक जण’ म्हणून पाहा. ‘प्रत्येक जण आलाय का?’ म्हटलं की ‘हॅज’ आपोआप सुचतं. एव्हरी हा शब्द मुळात जुन्या इंग्रजीतल्या ‘एव्हर’ आणि ‘ईच’ यांच्या पूर्वरूपांचा जोड आहे. एव्हरीच्या पोटात ईच बसलेला आहे, हे कळलं की त्याचं एकवचन मनात पक्कं राहतं.

आता चूक दिसते कुठे, हेही पाहू, म्हणजे तपासायला कमी जागा उरतात. साध्या भूतकाळात ‘ईच बॉय एट टू मँगोज’ म्हटलं तर एकवचन-अनेकवचनाचा प्रश्नच येत नाही. कॅन, विल, मस्ट, शुड यांच्यानंतरही नाही. वचन फक्त पाच ठिकाणी उघडं पडतं: साध्या वर्तमानकाळातल्या क्रियापदाचा शेवटचा ‘एस’, इज आणि आर, वॉज आणि वेअर, हॅज आणि हॅव, डज आणि डू. लिहून झाल्यावर एवढ्याच शब्दांवरून नजर फिरवा. डजच्या बाबतीत एक जपायचं. एकवचन एकदाच दाखवायचं असतं. ‘डज ईच मेंबर हॅव अ की?’ बरोबर. ‘डज ईच मेंबर हॅज अ की?’ यात ते दोनदा आलं, म्हणून चूक.

यापुढची अडचण ‘ऑफ’ची. ‘ईच ऑफ द बसेस’मध्ये ऑफ-दनंतर अनेकवचन यावंच लागतं, ‘ईच ऑफ द बस’ होत नाही. पण तेच ‘बसेस’ क्रियापदाला खेटून उभं राहतं आणि ‘आर’ लिहायला लावतं. ‘ईच ऑफ द बसेस टू स्वारगेट आर फुल’ या वाक्यात ‘ऑफ द बसेस टू स्वारगेट’ या तुकड्यावर बोट ठेवा. उरतं ‘ईच... फुल’. मधे ‘इज’च बसतं. बोट ठेवायचा हा उपाय ईच, आयदर आणि नायदर तिन्हींना चालतो. एव्हरीला मात्र थेट ‘ऑफ’ लागतच नाही. ‘एव्हरी ऑफ द बसेस’ हे इंग्रजी नाही, तिथे ‘एव्हरी वन ऑफ द बसेस’ म्हणावं लागतं, आणि ते ‘वन’ आपलं वचन स्वतःच सांगतं.

ईच कर्त्याच्या आधी न येता मागाहून आला तर काय? ‘द बॉइज ईच हॅव अ नोटबुक.’ इथे ‘हॅव’ बरोबर आहे, कारण कर्ता बॉइज आहे आणि ईच नुसता पुरवणी म्हणून आलाय. यासाठी मराठीत नेमका शब्द आहे, ‘प्रत्येकी’. ‘मुलांकडे प्रत्येकी एक वही आहे.’ गंमत पाहा, इथे मराठी क्रियापद वहीमुळे एकवचनी आणि इंग्रजी क्रियापद मुलांमुळे अनेकवचनी. खिडक्यांच्या वाक्यात याच्या बरोबर उलट होतं. नियम पाठ असलेले विद्यार्थी इथे ईच दिसला की ‘हॅज’ लिहून मोकळे होतात. म्हणून ‘ईच दिसला की एकवचन’ असं शिकवू नये. ‘ईच कर्ता असेल किंवा कर्त्याच्या आधी लागला असेल तर एकवचन’ असं शिकवावं.

नायदरकडे येऊ. मराठीत ‘दोघांपैकी कोणीही आलं नाही’ म्हणताना शेवटचं ‘नाही’ सोडता येत नाही. इंग्रजीत नायदर ते ‘नाही’ आधीच गिळून बसलेला असतो. त्यामुळे ‘नायदर ऑफ देम डिड नॉट कम’ ही चूक पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. ‘नायदर ऑफ देम केम’ एवढंच पुरतं. ‘नाही’ हवंच असेल तर आयदर घ्या: ‘आय डिड नॉट सी आयदर ऑफ देम.’ आणि ‘दोघंही आले नाहीत’ हे अनेकवचन मनात असलं की ‘नायदर ऑफ देम हॅव कम’ येतं. इथे मी जरा सावधपणे बोलतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या बोलण्यात ‘नायदर ऑफ देम आर’ सर्रास ऐकू येतं, त्याला अडाणीपणा म्हणू नका. पण परीक्षेत, अर्जात, कार्यालयीन पत्रात ‘इज’, ‘हॅज’ लिहा. तिथे तेच शुद्ध धरलं जातं.

आता एक नोटीस वाचू. सदाशिव पेठेतल्या एखाद्या इमारतीत लागावी अशी ही चार वाक्यं मी तयार केली आहेत.

‘एव्हरी फ्लॅट हॅव टू पार्किंग स्टिकर्स. ईच ऑफ द टू लिफ्ट्स आर चेक्ड ऑन मंडे. नायदर द चेअरमन नॉर द वॉचमेन इज रिस्पॉन्सिबल फॉर स्कूटर्स पार्क्ड आउटसाइड. आयदर ऑफ द गेट्स रिमेन क्लोज्ड आफ्टर इलेव्हन.’

पहिलं वाक्य खिडक्यांचंच. ‘प्रत्येक फ्लॅटला दोन स्टिकर आहेत’मधलं ‘आहेत’ इथे घुसलंय. ‘हॅज’ करा. दुसऱ्यात ‘ऑफ द टू लिफ्ट्स’वर बोट ठेवा, ‘इज’ येईल. ‘टू’ हा आकडा समोर असूनही ‘इज’च, कारण तपासणी एकेका लिफ्टची सांगितली आहे. ‘दोन्ही लिफ्ट’ म्हणायचं असेल तर ‘बोथ लिफ्ट्स आर चेक्ड’ लिहावं. बोथ नेहमी अनेकवचनी.

तिसरं वाक्य लिहिणाऱ्याला नायदर एकवचनी असतो हे ठाऊक होतं आणि त्यामुळेच तो चुकला. नायदरसोबत ‘नॉर’ आला की नियम बदलतो. क्रियापद आपल्या सर्वांत जवळच्या नामाकडे पाहतं. जवळ ‘वॉचमेन’ आहेत, म्हणून ‘आर’. क्रम उलटा केला, ‘नायदर द वॉचमेन नॉर द चेअरमन’, तर ‘इज’. एक एकवचनी आणि एक अनेकवचनी असेल तर अनेकवचनी नाव शेवटी ठेवावं, वाक्य कानाला बरं लागतं. ‘आयदर’ आणि ‘ऑर’च्या जोडीलाही हेच लागू आहे.

चौथ्या वाक्यात ‘रिमेन’चं ‘रिमेन्स’ केलं की व्याकरण सुधारतं, पण नोटीस सुधारत नाही. आयदर म्हणजे दोहोंपैकी कोणतंही एक. रात्री अकरानंतर घरी येणाऱ्याला कोणतं फाटक उघडं मिळणार? लिहिणाऱ्याला दोन्ही बंद म्हणायचं असेल तर ‘बोथ गेट्स रिमेन क्लोज्ड’. एकच बंद असेल तर कोणतं ते सांगायला हवं: ‘द बॅक गेट रिमेन्स क्लोज्ड’. अशा वेळी वचन तपासण्याआधी शब्दच बदलावा. फाटकं तीन असती तर आयदर मुळातच चालला नसता. आयदर-नायदर दोघांपुरते, तिघांपासून पुढे एनी आणि नन.

आयदरचा आणखी एक अर्थ याच गोंधळात भर घालतो. ‘ऑन आयदर साइड ऑफ द रोड’ म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. अर्थ दोन्हींचा असला तरी ‘साइड’ एकवचनीच राहतो. पण ‘देअर आर शॉप्स ऑन आयदर साइड ऑफ लक्ष्मी रोड’ यातलं ‘आर’ शॉप्सचं आहे, ते बदलायचं नाही.

दोन-तीन प्रश्न आलेत. पहिला, ‘ईच स्टुडंट मस्ट ब्रिंग देअर हॉल तिकीट’ यातलं ‘देअर’ चालतं का? चालतं. मुलगा की मुलगी हे सांगायचं नसेल तेव्हा एकासाठी ‘देअर’ वापरायची पद्धत जुनी आहे आणि आज मान्य आहे. फक्त त्या ‘देअर’कडे पाहून क्रियापद बदलू नका: ‘ईच स्टुडंट हॅज देअर हॉल तिकीट.’

दुसरा, ‘एव्हरी टीचर अँड स्टुडंट’ म्हटल्यावर दोघं झाले ना? झाले, तरी ‘हॅज’च. एव्हरी दोघांनाही लागू होऊन एकेकाला सुटं करतो. ‘ईच’चंही तसंच.

शेवटचा, ‘आयदर यू ऑर आय’नंतर काय? जवळच्याचा नियम लावला तर ‘अ‍ॅम’ येतं: ‘आयदर यू ऑर आय अ‍ॅम गोइंग.’ व्याकरणात बसतं, पण म्हणायला अवघड जातं. ‘वन ऑफ अस इज गोइंग’ लिहा.