निफ्टी वर गेला, तरी पैसे गेले

नमस्कार मंडळी. परवा मित्राचा फोन आला, म्हणे अरे मी कॉल घेतला, निफ्टी वर गेला, मग माझे पैसे कमी कसे झाले? आज याचंच उत्तर बघू.

ऑप्शन दोन प्रकारचे. कॉल म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाला घ्यायचा हक्क, पुट म्हणजे विकायचा हक्क, म्हणून मार्केट पडलं की पुटवाला खूश. हा हक्क मिळवायला जे मोजतो ते प्रीमियम. काही जण त्याला जागेच्या विसारासारखं समजतात, पण विसार पुढे किमतीत वळता होतो, प्रीमियम होत नाही, तो गेला तो गेलाच.

आता मित्राचा सौदा, आकडे सोपे करून सांगतो. बुधवारी निफ्टी २५,००० होता, त्याने २५,०००चा कॉल १८० रुपयांना घेतला, एक्सपायरी, म्हणजे हा हक्क संपायचा दिवस, पुढच्या मंगळवारी. सौदा सुट्ट्यात होत नाही, लॉटमध्ये म्हणजे गठ्ठ्यात होतो, तो लॉट ७५चा धरा, म्हणजे १३,५०० रुपये गेले. त्या क्षणी त्या कॉलची खरी किंमत शून्य होती बरं का, कारण बाजारातही भाव २५,०००च होता. पूर्ण १८० रुपये त्याने मोजले ते पुढच्या चार-पाच दिवसांत काहीतरी होईल या शक्यतेचे, यालाच टाइम व्हॅल्यू म्हणतात.

सोमवारी दुपारी निफ्टी २५,०४० झाला. कॉल मात्र १००च्या आसपास. त्यातले ४० खरे, उरलेले ६० वेळेचे. मंगळवारी बाजार २५,०४०लाच बंद झाला आणि हातात आले ४०, म्हणजे लॉटमागे १०,५०० रुपये गेले. त्याचा अंदाज बरोबर होता हो, पण शेवटपर्यंत धरायचं तर निफ्टी २५,१८०च्या वर जायला हवा होता, ब्रोकरेज वेगळंच.

वेळ सारख्या गतीने झिजत नाही, ही खरी गोम आहे. भाव जागेवरच राहिला तर चार दिवसांवरून एका दिवसावर येताना अशा कॉलची टाइम व्हॅल्यू साधारण निम्मी होते, आणि राहिलेली निम्मी त्या शेवटच्या एका दिवसात जाते. म्हणून एक्सपायरीच्या दिवशी पाच-दहा रुपयांना मिळतो तो बाजारापेक्षा बऱ्याच वरच्या भावाचा कॉल मला तरी स्वस्त वाटत नाही, बाजाराला तिथवर पोचायला वेळच नसतो.

घेणाऱ्याला दिशा, किती आणि कधी, तिन्ही जुळवावं लागतं. प्रीमियम घेऊन तो हक्क विकणाऱ्याला बाजार नुसता रेंगाळला तरी चालतं, फक्त मोठी उडी आली की त्याचं नुकसान प्रीमियमच्या कैक पट होतं, त्यामुळे तिकडेही आराम नाही. सेबीच्या २०२४च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शन्समधले शंभरातले ९३ वैयक्तिक ट्रेडर तीन वर्षांत मिळून तोट्यात निघाले.

मित्राला मी एवढंच विचारलं, गुरुवारी निफ्टी शंभर पॉइंट वर होता तेव्हा का नाही विकलास? म्हणाला, अजून वर जाईल वाटलं.