कमोडचं तोंड आणि डक्टची भिंत

[दृश्य: रिकाम्या फ्लॅटचा नकाशा, त्यावर मोबाइलमधलं होकायंत्र]

चौथ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. संडास ईशान्य कोपऱ्यात आहे, सांडपाण्याचे पाइप जिथून खाली उतरतात त्या पूर्वेच्या डक्टला चिकटून. कमोडची टाकी पूर्वेच्या भिंतीवर आहे, म्हणजे बसणाऱ्याचं तोंड पश्चिमेला होतं. वास्तुशास्त्र मानणाऱ्याच्या लेखी इथे दोन दोष झाले. ईशान्य ही देवघराची दिशा, तिथे संडास नको. आणि बसताना तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला हवं, पूर्व-पश्चिम नको. घरमालकाची मागणी सरळ आहे: संडास वायव्येला न्या आणि कमोड फिरवा.

यातली दुसरी मागणी बऱ्याचदा पुरी करता येते. पहिली मात्र फ्लॅटमध्ये फार महाग पडते, आणि त्याचं कारण पाइपच्या उतारात आहे.

तोंडाचा नियम जुनाच आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दिवसा उत्तरेकडे आणि रात्री दक्षिणेकडे तोंड करून बसावं असं सांगितलं आहे. त्याच अध्यायात हेही आहे की हा विधी घरापासून लांब करावा. घरात, तेही स्वयंपाकघराला लागून संडास, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. त्यामुळे 'फ्लॅटच्या कुठल्या कोपऱ्यात' या प्रश्नाची आजची उत्तरं बरीचशी नंतरची आहेत.

विहीर असलेल्या घरात ईशान्येच्या नियमाला अर्थ होता. वास्तूप्रमाणे विहीर ईशान्येला खणायची, मग शोषखड्डा तिथून जितका लांब तितका बरा. आजही विहीर आणि शोषखड्डा यांत 15 ते 18 मीटर अंतर ठेवतात. पश्चिमेच्या भिंतीला न्हाणीघर ठेवण्यातही तथ्य आहे. दुपारचं ऊन भिंत वाळवतं आणि आतल्या खोल्यांना ताप कमी लागतो. पण 'वायव्य म्हणजे वायू, वास आपोआप बाहेर जातो' हे मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर उलटं पडतं. तिथे दुपारचा खारा वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडूनच येतो आणि खिडकीतला वास घरात ढकलतो.

[दृश्य: संडास ते डक्ट, लाल रेषेत पाइप]

आता स्थलांतराचा हिशेब करू. वायव्य कोपऱ्यातून डक्टपर्यंत अंतर साडेचार मीटर. मैल्याचा पाइप 110 मिलिमीटरचा, त्याला साधारण 50 ला 1 उतार लागतो. म्हणजे साडेचार मीटरमध्ये 9 सेंटिमीटर. उतार कमी दिला तर मैला तळाशी बसतो. खूप जास्त दिला तर पाणी पुढे पळतं आणि घट्ट भाग मागे राहतो, हे बरेच जण विसरतात. पाइपचा व्यास 11, उतार 9, पाइपखालचा थर आणि बेंड मिळून 6, वरचा कोबा आणि फरशी 7. एकूण 33 सेंटिमीटर, म्हणजे 13 इंच.

जुन्या संडासाखाली संकन स्लॅब असते, बिल्डरनं ती 30 सेंटिमीटर खाली ओतलेली असते. वायव्येच्या बेडरूमखाली ती नाही. मग नवा संडास दोन पायऱ्या वर चढतो. शिवाय पाइप मधल्या खोलीतून जाणार, म्हणून भिंतीलगत एक लांबलचक ओटा निघतो. नुसत्या संडासात, सव्वा मीटर बाय दोन मीटरमध्ये, विटांच्या तुकड्यांचा भराव टाकला तर सव्वा टनाच्या आसपास वजन येतं. दर चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो. घराची स्लॅब वापराच्या भारासाठी साधारण 200 किलो धरून मोजलेली असते. हलके ब्लॉक वापरून वजन घटतं, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय हे काम सुरू करू नये.

पाइप स्लॅबखालून न्यायचा म्हटलं तर तो खालच्या घराच्या छताला लटकतो. त्यांच्या आणि सोसायटीच्या संमतीशिवाय ते शक्य नाही. बीमला भोक पाडायचा विचारही नको. इतक्या लांब आडव्या लाइनीला 50 मिलिमीटरचा व्हेंट पाइप वेगळा लागतो. तो नसला तर फ्लश केल्यावर शेजारच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या पाणी साठणाऱ्या वळणात, गुडगुड होते. हवा मिळत नाही म्हणून लाइन ट्रॅपमधलं पाणी ओढून घेते. ट्रॅपमधलं ते 5 सेंटिमीटर पाणी म्हणजे गटाराच्या वायूला लावलेलं झाकण. ते गेलं की वास येतोच.

[दृश्य: बंद दार, आत वापरात नसलेला संडास]

म्हणूनच 'ईशान्येचा संडास वापरणं बंद करा, कोठीघर करा' हा उपाय सर्वांत फसवा. वापर थांबला की ट्रॅपचं पाणी काही आठवड्यांत आटतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. मग दुर्गंधी आणि झुरळं येतात, आणि ती दोषाची खूण समजली जाते. कायम बंद करायचं असेल तर कमोड काढून पाइपच्या तोंडाला एंड कॅप चिकटवावी. तात्पुरतं बंद असेल तर दर पंधरा दिवसांनी नहाणीत आणि कमोडमध्ये पाणी ओतावं. नहाणीत वरून चमचाभर खाद्यतेल घातलं तर बाष्पीभवन मंदावतं. वास्तूचा उपाय म्हणून कोपऱ्यात ठेवलेली खड्या मिठाची वाटी थोडा ओलावा शोषते, वासावर तिचा इलाज नाही.

राहिलं कमोड फिरवणं. आधी दिशा तपासू. भिंतीतल्या सळ्यांजवळ मोबाइलचं होकायंत्र भरकटतं, म्हणून रीडिंग खोलीच्या मध्यभागी आणि बाल्कनीत, दोन्हीकडे घ्यावं. इमारत बऱ्याचदा वीस-पंचवीस अंशांनी तिरकी असते, तेव्हा 'उत्तर' म्हणजे उत्तरेच्या बाजूची भिंत, एवढंच समजायचं.

तोंड उत्तरेला हवं तर टाकी दक्षिणेच्या भिंतीला. कमोड त्या भिंतीच्या पूर्व टोकाला, पूर्वेच्या भिंतीपासून मध्य 40-45 सेंटिमीटरवर बसवला की डक्ट हाताशी राहतो. लाइन अर्ध्या मीटरच्या आतली, उतार एक सेंटिमीटर, आणि तो आहे त्याच संकनमध्ये बसतो. 90 अंशांच्या एका बेंडऐवजी 45 अंशांचे दोन घ्यावेत, तुंबलं तर उघडता येईल असा डोअर बेंड डक्टकडे ठेवावा.

अडचण जागेची येते. संडास उत्तर-दक्षिण चार फुटांचा, म्हणजे 120 सेंटिमीटर. कमोडची लांबी 65 ते 70. गुडघ्यासमोर उरले पन्नास-पंचावन्न. निदान 60 हवेत. भिंतीवर टांगता कमोड घेऊ म्हटलं तर त्याची लांबी 54, पण मागच्या लपवलेल्या टाकीला 12 ते 15 सेंटिमीटर भिंत लागते, म्हणजे फायदा जवळजवळ शून्य. रुंदी पाच फूट असली तर प्रश्नच नाही. पुठ्ठा कापून जमिनीवर ठेवावा, त्यावर बसून पाहावं आणि दार उघडून पाहावं. मगच फरशी फोडावी.

फरशी फोडली की वॉटरप्रूफिंगही गेलं. नवं केल्यावर पाइपची तोंडं बंद करून 48 तास पाणी भरून ठेवावं आणि खालच्या घराचं छत तपासावं. ही परीक्षा भराव घालण्याआधी घ्यायची.

[दृश्य: एक्झॉस्ट फॅनच्या जाळीला धरलेला टिश्यू]

शेवटी हवेचं. या खोलीत जेमतेम सहा घनमीटर हवा. तासाला दहादा ती बदलायला 60 घनमीटर पुरेत, सहा इंची पंखा त्याहून बरीच जास्त ओढतो. तरीही आरसा धुरकट राहतो, कारण आत यायला हवेला वाट नसते. दाराखाली सेंटिमीटरभर फट ठेवावी. पंखा चालू करून, दार लावून, जाळीला टिश्यू धरावा. तो चिकटून राहिला तर हवा वाहते आहे. गळून पडला तर आधी फट पाहावी, मग डक्टकडची झडप, आणि पंख्याचं पातं उलटं फिरत नाही ना तेही.