पुस्तक मिटलं की पोटात गोळा येतो? मग तिथेच थांबायचं आहे

नमस्कार मंडळी. आज खरं तर बीजगणितातल्या अंकगणिती श्रेढीचा व्हिडिओ यायचा होता, पण गेल्या आठवड्यातल्या कमेंट्स वाचून मी तो बाजूला ठेवला. "ताई, सगळं वाचून झालंय, पण पेपर समोर आला की काहीच आठवत नाही." "ताई, घरी ९५च्या खाली चालणार नाही म्हणतात, रात्री झोप लागत नाही." असं एकाने नाही, पंचवीस-तीस जणांनी लिहिलंय. त्यामुळे श्रेढी पुढच्या वेळी.

वेळेवर झोपा, मोबाइल लांब ठेवा, पाणी प्या. हे तुमची आजीसुद्धा सांगते, त्यात मी वेळ घालवत नाही. झोपेबद्दल एवढंच, की तुमच्या वयाला आठ तास लागतातच. "मी चारला उठते" याचं मला कौतुक नाही, रात्री साडेबाराला झोपून चारला उठत असाल तर अजिबातच नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या क्लासमधल्या एका दहावीच्या मुलीची गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, तिच्या परवानगीने सांगतेय. प्रिलिम झाली, ७८ टक्के पडले. घरात मामाची मुलगी आदल्या वर्षी ९६ घेऊन बसलेली. वडील ओरडणारे नाहीत, पण रोज संध्याकाळी चप्पल काढता काढता पहिला प्रश्न, "झाला का अभ्यास? कितीपर्यंत जाईल?" बोर्डाला पाच आठवडे होते. माझ्याकडे आली तेव्हा हातात एक टाइमटेबल होतं. पहाटे साडेचार ते रात्री अकरा, चार रंगांत, पट्टीने आखलेलं. मी विचारलं, "यातलं काल किती झालं?" तिला रडूच कोसळलं. सकाळी नऊची भूगोलाची ओळ चुकली की पुढचा सगळा दिवस वाया गेला असं तिला वाटायचं. मग ती दुपारभर नवीन टाइमटेबल आखायची. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी हेच केलंय. मीही बारावीत केलंय, माझ्याकडे तर स्केचपेनचा वेगळा डबा होता.

मी तिचं टाइमटेबल फाडलं नाही. तिला फक्त एक काम दिलं. भूमितीतलं चक्रीय चौकोनाचं प्रमेय वाच, पुस्तक मीट आणि कोऱ्या कागदावर लिही.

ती म्हणाली, "मॅडम, ते चार वेळा वाचलंय, येतं मला."

लिहायला बसली. पक्ष लिहिला. साध्य लिहिलं. आकृती काढली, छान काढली. सिद्धतेपाशी पेन थांबलं. शेवटी बेरीज १८० अंश येते हे तिला ठाऊक होतं. पण पहिली ओळ, की ∠ADC हा अंतर्लिखित कोन आहे आणि म्हणून ∠ADC = ½ m(कंस ABC), ती काही सुचेना. दोन मिनिटं झाली. चेहरा पांढरा पडला. आणि तिचा हात आपोआप पुस्तकाकडे गेला.

हात पुस्तकाकडे जातो ना, आजचा अख्खा व्हिडिओ त्या एका क्षणावर आहे.

कारण त्या क्षणी आपण घाबरतो, पुस्तक उघडतो, ओळ दिसते, "अरे हो, हेच की!" म्हणतो आणि जिवाला बरं वाटतं. पण त्या बरं वाटण्यात काही शिकणं झालेलं नसतं. ओळ ओळखीची वाटली, एवढंच. बोर्डाच्या पेपरमध्ये ओळ ओळखायची नसते, लिहायची असते.

हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एक उतारा काहींना पुन्हा वाचायला दिला, काहींना न बघता आठवेल तेवढा लिहायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते! आठवड्याने घेतली तेव्हा लिहिणारे पुढे गेले. म्हणून तुम्हाला वाचल्यावाचल्या "येतं" असं वाटतं ते खोटं नसतं, फक्त ते पाच मिनिटांपुरतं असतं. तुमचा पेपर मात्र पाच आठवड्यांनी आहे.

आता एक कमेंट वाचते. "ताई, मी लिहून बघितलं, पण मला जास्तच टेन्शन आलं, म्हणून सोडून दिलं." बाळा, टेन्शन येणारच होतं. आत्तापर्यंत "मला येतं की नाही" हा प्रश्न तू स्वतःला विचारतच नव्हतास. वाचत राहिलं की तो प्रश्न लांब राहतो, म्हणून वाचायला बरं वाटतं. आणि लांब ठेवलेला प्रश्न रात्री अंथरुणात येऊन बसतो. त्या मुलीला दिवसभर धडधडायचं ते "सगळंच येत नाही" या भीतीने. कागदावर लिहिल्यावर कळलं की येत नाही ती एक ओळ. एक! एका ओळीला किती घाबरायचं?

तर कसं करायचं ते नीट ऐका. दिवसात तीन बैठका, प्रत्येक दीड तासाची. त्या मुलीच्या सकाळी साडेसहा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात अशा होत्या, शाळा-क्लास सांभाळून. बैठकीत साधारण पाऊण तास वाचन आणि उदाहरणं. मग पुस्तक मिटायचं. नुसतं मिटायचं नाही, दुसऱ्या खोलीत ठेवून यायचं. हो, उठून! कारण शेजारी ठेवलं की तुम्ही डोकावणार. मीही डोकावते. मग वीस मिनिटं आठवेल ते निळ्या पेनाने लिहायचं. अडलं की एक मिनिट तसंच बसायचं. तरी आलं नाही तर तिथे दोन ओळी मोकळ्या सोडून पुढचं लिहायचं. वीस मिनिटं संपली की पुस्तक आणायचं आणि जे सुटलं तेवढंच लाल पेनाने त्या मोकळ्या जागेत भरायचं.

दुसऱ्या दिवशी पहिली बैठक नवीन धड्याने सुरू होत नाही. कालचं लाल आधी, पुन्हा न बघता.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी ती ओळ आली, पण कारण लिहायचं राहिलं, "अंतर्लिखित कोनाचे प्रमेय" एवढे शब्द. पुन्हा लाल. तिसऱ्या दिवशी पूर्ण निळं. तिने मला त्या पानाचा फोटो पाठवला, खाली काहीही लिहिलं नव्हतं.

चुकलेल्या बैठकीचं काय? चुकली तर चुकली, ती रात्री भरून काढायची नाही. दिवस संपला हे ठरवायला घड्याळ नको, तिसऱ्या बैठकीचं लाल भरलं की दप्तर बंद. त्यामुळे तिचा दिवस रोज साडेनऊच्या आत संपायला लागला. पहिले चार दिवस तिला त्याचाच अपराधीपणा वाटत होता.

आता हेच परीक्षेच्या वर्गात बघू. भूमितीचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं, तीन गुणांच्या प्रश्नाला नऊ. त्यात एखादी पायरी अडणार, टॉपरचीही अडते. ज्याने घरी फक्त वाचलंय त्याच्यासाठी ते अडणं हा आयुष्यातला पहिला प्रसंग असतो, तोही पर्यवेक्षक डोक्यावर उभे असताना. मग छाती धडधडते, हात गार पडतात आणि येणारे प्रश्नही जातात. ज्याने घरी शंभर वेळा अडून, दोन ओळी सोडून पुढे जायची सवय केलीय, तो इथेही तेच करतो. त्यासोबत श्वास: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा. बाहेर सोडायचा श्वास लांब ठेवा. त्याने उत्तर आठवत नाही, फक्त हात स्थिर होतो. आठवायचं काम घरच्या कोऱ्या कागदाने आधीच केलेलं असावं लागतं.

आणि कृपया "मग आम्ही रिव्हिजन कधी करायची?" असं विचारू नका. मागच्या व्हिडिओखाली हे अकरा जणांनी विचारलं होतं. हीच रिव्हिजन आहे! हायलायटरने पान पिवळं करणं म्हणजे रिव्हिजन नव्हे, ते रंगकाम आहे.

आता घरच्यांचं. "कितीपर्यंत जाईल?" याला मुलाकडे उत्तर नसतं, म्हणून मूल एक तर खोटं आश्वासन देतं नाही तर चिडतं. मी त्या मुलीला म्हटलं, बाबा आले की काही बोलू नकोस, आजचं पान दाखव. निळं किती, लाल किती. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "एवढं लाल?" चौथ्या दिवशी स्वतःच पुस्तक हातात घेऊन तिला प्रश्न विचारत बसले. बँकेतला माणूस, आकडे बघितल्याशिवाय चैन नाही, पण आता ते दिवसाचे आकडे होते, निकालाचे नव्हते.

पालक बघत असतील तर एक सांगते. मामाच्या मुलीचे ९६ समोर ठेवण्याआधी ते कसे आले ते बघा. आपल्या बोर्डाची दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर काढतात, शिवाय चित्रकला, लोककला, खेळ यांचे सवलतीचे गुण पात्र मुलांना मिळतात. तुमच्या मुलीने ग्रेड परीक्षा दिलीच नसेल तर दोघींची तुलना सुरुवातीपासूनच वाकडी आहे. हे वाक्य मी त्या वडिलांना म्हटलं तेव्हा ते गप्प झाले. पटलं की राग आला, मला अजून माहीत नाही.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगते. निळं-लाल हे अभ्यासाच्या भीतीसाठी आहे. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, पेपरच्या विचाराने उलट्या होतात, किंवा "मी नसलेलंच बरं" असं मनात येतंय, तर कागद बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी घरातल्या मोठ्या माणसाला सांगा. टेलि-मानसचा सरकारी नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. पालकांनो, मुलगा असं बोलला तर "नाटकं करू नकोस" म्हणू नका, त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांकडे घेऊन जा.

तिला किती पडले ते तुम्ही विचारणारच. ८९. वडिलांनी पेढे आणले, आणि जिना उतरताना मला हळूच म्हणाले, "मॅडम, एकाच टक्क्याने नव्वद हुकले हो."

बरं, उद्या ज्यांचा पेपर आहे त्यांनी आज नवीन काही मिटून लिहायला बसू नका. फक्त जुनी लाल पानं काढा. आणि पेपर सुटल्यावर गेटपाशी उभं राहून उत्तरं ताळून बघणाऱ्या मित्राला सांगा, आईने लवकर बोलावलंय.